धागा: प्रयोगपुस्तिकेतील कृतीचे सुरक्षितता-आधी तपासणी-यादीत रूपांतर कसे करावे? उदाहरण ॲस्पिरिनचे

प्रयोगवही

पदवीच्या पहिल्या वर्षाची प्रयोगपुस्तिका नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रत्येक प्रयोगाची मांडणी साहित्य, धोके, कृती आणि कचऱ्याची विल्हेवाट अशा क्रमाने करायची आहे, आणि विद्यार्थ्याने टप्प्याटप्प्याला खूण करत पुढे जावे अशी अपेक्षा आहे. सुरुवात ॲस्पिरिनच्या प्रयोगापासून केली. जुन्या पुस्तिकेतील मजकूर जवळजवळ असा आहे:

«कोरड्या कोनिकल फ्लास्कमध्ये २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घ्या. त्यात ५ मिलि ॲसिटिक ॲनहायड्राइड आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे ५ थेंब टाका. वॉटर बाथवर ७० ते ८० अंशांना १५ मिनिटे तापवा. पाणी टाका, बर्फात थंड करा, गाळा व स्फटिक धुवा. टीप: रसायने दाहक आहेत, काळजी घ्यावी.»

मी प्रत्येक वाक्याचा एक मुद्दा केला, वर धोक्यांचा तक्ता जोडला आणि खाली «कचरा नियमानुसार टाकावा» असे लिहिले. वाचून पाहिल्यावर लक्षात आले की ही तीच पुस्तिका आहे, फक्त चौकटी वाढल्या आहेत. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे, नेमके काय बदलले म्हणजे यादी खरोखर सुरक्षिततेची होते?

रसरंग

आपल्या मसुद्यातली अडचण शेवटच्या टीपेतच दिसते. «काळजी घ्यावी» या वाक्यापुढे खूण करता येत नाही, कारण काळजी घेतली की नाही हे दुसऱ्या कोणाला पाहून ठरवता येत नाही. यादीतला प्रत्येक मुद्दा डोळ्यांनी तपासता येईल असा हवा: फ्लास्क आतून कोरडा आहे, गॉगल डोळ्यांवर आहे, फ्यूम हूडची काच ठरलेल्या खुणेपर्यंत खाली आहे, जवळपास पेटता बर्नर नाही. शेवटचा मुद्दा इथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण ॲसिटिक ॲनहायड्राइडचा ज्वलनांक सुमारे ४९ अंश सेल्सिअस आहे आणि आपण मिश्रण त्याहून बरेच वर तापवतो. त्यामुळे वॉटर बाथ विजेवर चालणारा हवा, हे साहित्याच्या यादीतच लिहावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की या कृतीत सर्वांत धोक्याचे वाक्य सर्वांत छोटे आहे: «पाणी टाका». किती, किती वेगाने, मिश्रण गरम असताना की थंड झाल्यावर, याबद्दल एक अक्षरही नाही. सर्व वाक्यांना सारखी चौकट दिली की हे वाक्य «स्फटिक धुवा» याच्याइतकेच निरुपद्रवी दिसते.

काचपात्र

अगदी बरोबर. ॲसिटिक ॲनहायड्राइड आणि पाणी एकत्र आले की स्फोटक प्रतिक्रिया होते, म्हणून यादीत मोठ्या अक्षरांत «पाण्याशी संपर्क टाळा» असे लिहावे आणि पाणी टाकण्याचा टप्पाच काढून टाकावा. उरलेले ॲनहायड्राइड सरळ बेकिंग सोड्याने मारावे, म्हणजे आम्लही उदासीन होईल.

रसरंग

काचपात्र, आपली सावधगिरी योग्य दिशेची आहे, पण तपशील तसा नाही. थंड पाण्यात थंड ॲनहायड्राइड टाकले तर बराच वेळ काहीच घडत नाही. ते जड असल्याने तळाशी वेगळा थर करून बसते आणि सावकाश विघटित होते. धोका आहे तो उष्णता आणि आम्ल दोन्ही हजर असताना, आणि आपल्या फ्लास्कमध्ये नेमके तेच आहे. सल्फ्युरिक आम्लामुळे पाण्याशी होणारी अभिक्रिया पुष्कळ वेगवान होते.

प्रत्यक्षात गडबड अशी होते. विद्यार्थी थोडे पाणी टाकतो, लगेच काही दिसत नाही, म्हणून आणखी टाकतो. मधल्या वेळात थर मिसळतात, सगळे साठलेले पाणी एकदम अभिक्रियेत उतरते आणि गरम ॲसिटिक आम्ल उसळून तोंडाशी येते. म्हणून «पाण्याशी संपर्क टाळा» ही सूचना उपयोगाची नाही. «काही घडले नाही म्हणून पुढचे पाणी घाई करून टाकू नका» ही उपयोगाची आहे.

बेकिंग सोड्याचे म्हणाल, तर पाणी न घालता तो गरम मिश्रणात टाकला की वायूचा फेस आणि दाहक द्रव एकत्र उसळतील. शिवाय आपले ॲस्पिरिनही विरघळून जाईल. उदासीनीकरण करायचे ते गाळून झाल्यावर, गाळलेल्या द्रवाचे.

प्रयोगवही

हा खुलासा फार मोलाचा आहे. पण पाणी टाकल्याने नेमकी किती उष्णता निघते याचा अंदाज देता येईल का? यादीत आकडा घालायचा नाही, परंतु «थेंबाथेंबाने» असे का लिहिले हे शिकवणाऱ्याला माहीत असावे.

रसरंग

ढोबळ हिशेब करू. २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल म्हणजे साधारण ०.०१४५ मोल. ५ मिलि ॲनहायड्राइड म्हणजे सुमारे ५.४ ग्रॅम, अर्थात ०.०५३ मोल. अभिक्रिया पूर्ण झाली असे धरले तरी जवळपास ०.०३८ मोल ॲनहायड्राइड शिल्लक राहते, म्हणजे टाकलेल्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक. त्याच्या विघटनात मोलमागे साठाच्या थोडे आत किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे एकूण दोन किलोज्यूलच्या थोडे वर.

दोन किलोज्यूल ऐकायला किरकोळ वाटतात. पण फ्लास्कमधले मिश्रण जेमतेम नऊ-दहा ग्रॅम आहे. ही उष्णता बाहेर जाऊ न देता एकदम निघाली तर तापमान शंभरेक अंशांनी चढेल, आणि आपण सुरुवातच ७५ अंशांपासून करत आहोत. ॲसिटिक आम्ल ११८ अंशांना उकळते. म्हणजे मधेच ते उकळून बाहेर येणार हे स्पष्ट आहे.

थेंबाथेंबाने टाकले की प्रत्येक थेंबाची उष्णता पुढचा थेंब पडण्याआधी काचेतून निघून जाते. एकूण २ मिलि पाणी पुरते, कारण ते ०.११ मोल आहे, गरजेच्या दुपटीहून जास्त.

दुसरी_बाजू

मी थोडा वेगळा विचार मांडतो. गरम मिश्रणात थेंबाथेंबाने पाणी टाकण्याऐवजी मिश्रणच २५ मिलि थंड पाण्यात का ओतू नये? तुमच्याच हिशेबाने ती दोन किलोज्यूल उष्णता एवढ्या पाण्यात विभागली तर तापमान वीस अंशांच्या आतच वाढेल. उसळण्याचा प्रश्नच येणार नाही. धोक्याचा टप्पा काळजीपूर्वक लिहिण्यापेक्षा धोकाच काढून टाकणे हे सुरक्षिततेचे पहिले तत्त्व आहे. कित्येक पुस्तिकांमध्ये ही पद्धत दिलेलीही असते.

रसरंग

हा आक्षेप गंभीर आहे आणि उष्णतेपुरता तो बरोबरही आहे. माझी शंका वेगळी आहे. थंड, विरल मिश्रणात विघटन मंदावते. उत्पादन पटकन गोळा होऊन बाहेर पडते आणि त्या चिकट गोळ्यात ॲनहायड्राइड अडकून राहते. मग ते गाळणीवर येते, गाळलेल्या द्रवात जाते आणि कचऱ्याच्या बाटलीत पोहोचते. तिथे ते सावकाश विघटित होत राहते. धोका नाहीसा होत नाही, तो पुढच्या टप्प्यावर सरकतो, जिथे कोणी लक्ष देत नाही. ओतल्यावर नीट ढवळून पुरेसा वेळ थांबले तर हे टळेल असे म्हणता येईल, पण तो वेळ यादीत लिहावा लागेल आणि विद्यार्थी तो पाळेल याची खात्री हवी.

दुसरी_बाजू

ढवळत दहा मिनिटे थांबणे हे गरम फ्लास्कवर झुकून थेंब मोजण्यापेक्षा केव्हाही बरे, असे माझे मत कायम आहे.

सूक्ष्मदर्शी

आमच्या प्रयोगशाळेत सर्व कचरा ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना १५ मिनिटे ठेवून मगच टाकतात. आपल्याही यादीत विल्हेवाटीच्या रकान्यात तोच एक नियम ठेवला तर विद्यार्थ्यांना लक्षात ठेवायला सोपे जाईल. आमच्याकडे वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्याही असतात.

मृण्मयी_प्रशा

सूक्ष्मदर्शी, तो नियम जिवाणूंच्या कचऱ्यासाठी आहे. रासायनिक द्रव ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये. आम्लाची वाफ यंत्राच्या धातूला खाईल, आणि अल्कोहोलसारखे ज्वलनशील द्रव आत गेले तर आगीचा धोका उभा राहील. «कचरा» या एका रकान्यात सगळे बसवायचे म्हटले की असाच घोटाळा होतो. प्रत्येक टप्प्यातून काय उरते ते वेगळे लिहायला हवे.

मी प्रयोगशाळा सहायक आहे, त्यामुळे प्रयोग संपल्यावर जे उरते त्याच्याशी माझा रोजचा संबंध येतो. ॲस्पिरिनच्या प्रयोगातले खरे संकट कचऱ्याच्या बाटलीत असते. सर्व गट आपला गाळलेला द्रव एका बाटलीत ओततात, कोणीतरी त्यात सोडा टाकतो आणि व्यवस्थितपणाच्या सवयीने झाकण घट्ट लावतो. अर्ध्या तासाने त्या बाटलीच्या बाजू हाताला टणक लागतात. हे मी पाहिलेले आहे, आणि तेव्हा झाकण हळूहळू सैल करण्याचे काम फार जिवावर येते.

प्रयोगवही

मृण्मयीताई, एका गटाच्या द्रवातून किती वायू निघतो याचा काही अंदाज आहे का?

रसरंग

वरचाच हिशेब पुढे नेऊ. शिल्लक ०.०३८ मोल ॲनहायड्राइडचे दुप्पट ॲसिटिक आम्ल होते, आणि मूळ अभिक्रियेतून निघालेले त्यात मिळवायचे. एकूण ०.०९ मोलच्या थोडे वर. सल्फ्युरिक आम्लाचे पाच थेंब धरले तर उदासीन करायला साधारण साडेआठ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागते आणि सव्वादोन ते अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. हा एका गटाचा हिशेब झाला. दहा गटांचा द्रव एका बाटलीत जमला तर वीस लिटरहून जास्त वायू. कोणत्याही बंद बाटलीला तो पेलवणार नाही.

मृण्मयी_प्रशा

म्हणूनच माझा आग्रह आहे की यादी मागून पुढे लिहावी. आधी ठरवा की शेवटी काय उरणार आणि ते कुठे जाणार, मग त्यासाठीची भांडी साहित्याच्या यादीत आणा. माझ्या मते साहित्यात ५०० मिलिचा रुंद तोंडाचा बीकर, तोलून ठेवलेला सोडा, पीएच पट्ट्या आणि नाव लिहिलेली कचऱ्याची बाटली हे सॅलिसिलिक आम्लाच्याही आधी यायला हवे. या चार गोष्टी टेबलावर नसतील तर प्रयोग सुरूच होऊ नये.

आणखी एक गोष्ट. बाटलीवर फक्त «आम्ल कचरा» असे लिहू नये. तिथे मागच्या वर्गाने नायट्रिक आम्ल ओतलेले असेल तर त्यात ॲसिटिक ॲनहायड्राइडचा अंश मिसळणे अतिशय घातक आहे. बाटलीवर प्रयोगाचे नाव, आत काय काय आहे आणि तारीख हवी, आणि ती बाटली याच प्रयोगासाठी हवी.

तिसरा_बाक

मी विद्यार्थी आहे, त्यामुळे आमच्या बाजूने सांगतो. खुणा करण्याची यादी आम्हाला मिळाली की बहुतेक जण प्रयोग संपल्यावर बसून सगळ्या खुणा एकदम करतात. हातात हातमोजे असतात, टेबल ओले असते, पेन सापडत नाही. शिवाय वीस-पंचवीस मुद्द्यांमध्ये कुठला महत्त्वाचा हे कळत नाही. रसरंग सरांनी पाणी टाकण्याबद्दल जे सांगितले ते आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही यादीतली ओळ वाचली आणि पिचकारीने पाणी मारले. फ्लास्क खदखदला, पण आम्हाला वाटले असेच व्हायचे असते.

दुसरी_बाजू

या एका प्रतिसादाने सगळे सांगितले. यादी लांब झाली की ती कोणी वाचत नाही, आणि मग सही मात्र असते. कागदोपत्री सुरक्षित आणि प्रत्यक्षात धोकादायक, ही सर्वांत वाईट अवस्था होय. माझ्या मते पूर्ण कृती वेगळ्या कागदावर ठेवावी आणि यादीत फक्त चार-पाच ठिकाणी «थांबा» असे लिहावे. तिथे जोडीदाराने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने दाखवावे.

काचपात्र

ही कल्पना मला पटली. मात्र हातमोज्यांबद्दल स्पष्ट लिहावे. नायट्राइलचे हातमोजे घातले की हात सुरक्षित झाले, एवढे तरी विद्यार्थ्यांना सांगता येईल.

मृण्मयी_प्रशा

तेही पूर्ण खरे नाही. पातळ नायट्राइलमधून ॲसिटिक ॲनहायड्राइड काही मिनिटांत आरपार जाते. ब्युटिल रबर टिकते, पण ते जाड असते आणि त्यात थेंब मोजणे अवघड जाते. आम्ही नायट्राइलच वापरतो, पण यादीत «हातमोज्यावर थेंब पडला की लगेच काढा, हात धुवा, नवे घाला» असे लिहितो. हातमोजे आहेत म्हणून निर्धास्त राहिलेला विद्यार्थी तो थेंब तसाच ठेवतो आणि द्रव कातडीशी दाबून धरला जातो.

साहित्याबद्दल आणखी एक. ५ मिलि ॲनहायड्राइडसाठी अर्ध्या लिटरची बाटली टेबलावर आणू नये. फ्लास्कमधल्या द्रवापेक्षा ती बाटली कितीतरी मोठा धोका आहे. बाटली हूडमध्येच राहावी, तिथेच एका सहायकाने प्रत्येक गटाच्या कोरड्या सिलिंडरमध्ये मोजून द्यावे. साहित्याच्या तक्त्यात «किती लागते» याशेजारी «कुठून मिळेल» असा रकाना केला की हे आपोआप सुटते.

रसरंग

मृण्मयीताईंचा हा मुद्दा प्रत्येक पुस्तिकेत जायला हवा. धोके लिहिण्याआधी रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक उघडावे, पण त्यातले सगळे यादीत उतरवू नये. त्याचे सोळा भाग असतात. यादी करणाऱ्याने मुख्यतः प्रथमोपचार, हाताळणी, संरक्षक साधने, कशाशी जुळत नाही आणि विल्हेवाट हे भाग वाचावेत, आणि त्यातले वाक्य ज्या टप्प्यावर लागू होते तिथेच लिहावे. सॅलिसिलिक आम्लाची पूड डोळ्याला गंभीर इजा करते हे वजन करण्याच्या ओळीत हवे. पहिल्या पानावरच्या धोक्यांच्या तक्त्यात ते लिहिले तर तराजूपाशी कोणालाच आठवत नाही.

तिसरा_बाक, तुमच्या फ्लास्कमध्ये जे झाले तेच टाळण्यासाठी एक साधी खूण सांगतो. मिश्रणात थर्मामीटर ठेवा. पाच थेंब पाणी टाका, हळूच फिरवा, आणि तापमान चढून पुन्हा उतरू लागेपर्यंत थांबा. मगच पुढचे पाच. जेव्हा पाच थेंब टाकूनही पारा चढत नाही आणि तळाशी तेलकट थेंब दिसत नाहीत, तेव्हा ॲनहायड्राइड जवळपास संपले असे समजावे. वासावरून ठरवू नये. ॲसिटिक आम्लाचा वासही तितकाच झोंबणारा असतो, आणि मुळात नाक फ्लास्कजवळ नेऊच नये.

तिसरा_बाक

धन्यवाद सर. आणि शेवटी फेरिक क्लोराइडची चाचणी करतो, त्या परीक्षानळ्यांचे काय करायचे? आम्ही त्या सरळ बेसिनमध्ये धुतो.

मृण्मयी_प्रशा

परीक्षानळीत थेंबभर द्रव असतो, पण जांभळा रंग आला तर त्यात सॅलिसिलिक आम्ल आणि लोह आहे. चाचणी अल्कोहोलमध्ये केली असेल तर अल्कोहोलही आहे. आम्ही त्या वेगळ्या छोट्या बाटलीत रिकाम्या करतो. बेसिनमध्ये काय चालते हे संस्थेच्या सांडपाण्याच्या नियमांवर ठरते, म्हणून पुस्तिकेत सगळ्यांना लागू होईल असे वाक्य लिहू नये. तिथे रिकामी जागा ठेवावी आणि त्या त्या प्रयोगशाळेने ती भरावी.

प्रयोगवही

सर्वांच्या सूचना लक्षात घेऊन फक्त पाण्याचा टप्पा आणि त्यापुढचा भाग पुन्हा लिहिला आहे. कृपया दोष दाखवावेत.

थांबा १. जोडीदाराने वाचावे: फ्लास्क वॉटर बाथमधून बाहेर आहे, हूडमध्ये आहे, त्यात थर्मामीटर आहे, तोंड कोणाच्याही दिशेला नाही.

पाणी ड्रॉपरने, ५ थेंब. फिरवा. तापमान उतरू लागेपर्यंत थांबा. काही घडले नाही तरी थांबा. असे करत एकूण सुमारे २ मिलि.

थांबा २. शेवटच्या ५ थेंबांनी तापमान चढले नाही, तेलकट थेंब नाहीत. दोन्ही खरे असेल तरच २० मिलि थंड पाणी आणि बर्फ.

गाळताना: जाड काचेचा सक्शन फ्लास्क, त्यावर तडा नाही हे दोघांनी पाहिले आहे.

थांबा ३. गाळलेला द्रव ५०० मिलि बीकरमध्ये, झाकण नाही. सोडा एका वेळी अर्धा चमचा, फेस बसल्यावर पुढचा. पीएच ६ ते ८. फेस पूर्ण थांबल्यावर अर्धा तास उघडे ठेवून मग नाव लिहिलेल्या बाटलीत.

दुसरी_बाजू

वाचायला सोपे आहे आणि तिन्ही थांबे दाखवता येण्यासारखे आहेत. थंड पाण्यात ओतण्याच्या पद्धतीबद्दल मात्र माझा आग्रह मी सोडलेला नाही. दोन्ही प्रकारे गाळलेल्या द्रवात किती ॲनहायड्राइड उरते हे कोणीतरी मोजून पाहायला हवे.

मृण्मयी_प्रशा

थांबा ३ मध्ये एक बदल सुचवते. उदासीनीकरण विद्यार्थ्याने करावे की सहायकाने, हे लिहिलेले नाही. प्रत्येक गटाने स्वतःच्या बीकरमध्ये केले तर वायू विभागला जातो आणि एका बीकरमधून अडीच लिटरच निघतो, म्हणून मी गटाच्या बाजूने आहे. पण तेव्हा वर्ग सुटण्याची घाई असते आणि सोडा एकदम टाकला जातो. वेळापत्रकात त्यासाठी वेगळा वेळ नसेल तर ते काम माझ्याकडे द्यावे आणि द्रव न मिसळता बीकरमध्येच ठेवावा.

रसरंग

थांबा २ मध्ये «दोन्ही खरे नसेल तर काय» हेही लिहा. विद्यार्थी तिथे अडकतो आणि अडकला की पाणी ओततो. माझे वाक्य असे असेल: तापमान अजून चढत असेल तर आणखी ५ थेंब टाकून थांबा, तेलकट थेंब राहिले असतील तर शिक्षकांना बोलवा. दुसरी_बाजू यांनी सुचवलेल्या मोजणीसाठी कोणी तयार असेल तर नोंदी इथेच टाकाव्यात, तोपर्यंत मी थेंबाथेंबाच्या पद्धतीसोबत राहीन.